लांबी शून्य होऊ नये म्हणून

पायाची आखणी करताना गवंडी कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फुटांवर खूण करतो, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं की कोपरा गुण्यात आहे हे त्याला कळतं. तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, बेरीज पंचवीस, आणि ती पाचाचा वर्ग. या हिशेबात एक गोष्ट इतकी गृहीत आहे की ती कोणी बोलून दाखवत नाही. वर्ग कधी ऋण नसतो. म्हणून एखादा बाण कागदावर खरोखर काढलेला असेल, तर त्याची लांबी शून्य येणं शक्यच नाही.

आता याच हिशेबात संमिश्र संख्या आणू. `i` म्हणजे अशी संख्या, की तिचा वर्ग उणे एक. एका दिशेला 1 आणि काटकोनातल्या दिशेला `i` असे घटक असलेला सदिश घ्या, `(1, i)`. पायथागोरसचा नियम जसाच्या तसा लावला तर 1 चा वर्ग 1, `i` चा वर्ग उणे 1, बेरीज शून्य. घटक तर दोन्ही आहेत, आणि लांबी काहीच नाही. दोन सदिश लंब आहेत का हे तपासताना आपण घटकाला घटकाने गुणून बेरीज करतो आणि ती शून्य येते का पाहतो. ती कसोटी लावली तर हा सदिश स्वतःलाच लंब ठरतो. इथे भूमिती मोडली.

हर्मिशियन आणि युनिटरी ही दोन जड वाटणारी नावं या एका मोडीच्या दुरुस्तीतून आली आहेत. दुरुस्ती छोटी आहे, आणि ती एकदा समजली की बाकीचं सगळं तिच्या मागोमाग येतं.

आधी मॅट्रिक्स म्हणजे काय ते पाहू. संख्यांचा चौकोनी तक्ता. त्याला एक सदिश दिला की तो दुसरा सदिश परत देतो; बहुतेक वेळा दिशाही बदललेली असते आणि लांबीही. पण काही मोजक्या दिशा अशा असतात की त्या दिशेचा सदिश वळत नाही, फक्त काही पटीने लांब किंवा आखूड होतो. जर्मन भाषेत ‘आयगेन’ म्हणजे स्वतःचा. म्हणून ही मॅट्रिक्सची आयगेन दिशा, आणि ती पट म्हणजे आयगेन मूल्य. उदाहरणार्थ:

```
2  1
1  2
```

या तक्त्याला `(1, 1)` दिला तर `(3, 3)` मिळतो, म्हणजे तिप्पट. `(1, −1)` दिला तर तोच परत मिळतो, म्हणजे एकपट. आयगेन मूल्यं 3 आणि 1. आणि दोन्ही दिशा एकमेकींशी काटकोनात. हा योगायोग नाही. तक्ता सममित आहे: ओळींचे स्तंभ करून पलटवला तरी तोच राहतो. वास्तव संख्यांच्या कुठल्याही सममित मॅट्रिक्सची आयगेन मूल्यं वास्तव असतात आणि आयगेन दिशा परस्परांना लंब निवडता येतात. फ्रेंच गणिती कोशी याने 1829 मध्ये हे सिद्ध केलं.

मग संमिश्र संख्यांचा सममित तक्ता घेतला तर? वरवर पाहता काही बिघडायला नको.

```
1   i
i  −1
```

पलटवून पाहा, तोच राहतो. पण या तक्त्याला आपला मघाचा `(1, i)` द्या. पहिल्या ओळीतून 1 अधिक `i` चा वर्ग, म्हणजे शून्य. दुसऱ्या ओळीतून `i` वजा `i`, पुन्हा शून्य. सदिश नाहीसाच झाला. या मॅट्रिक्सची दोन्ही आयगेन मूल्यं शून्य आहेत, आणि आयगेन दिशा शोधायला गेलं तर एकच सापडते, तीही स्वतःलाच लंब असलेली. दोन लंब दिशा, वास्तव मूल्यं, कोशीने दिलेलं सगळं हातातून गेलं. तक्ता सममित असूनही गेलं, कारण ज्या लांबीवर ते उभं होतं ती लांबीच खोटी निघाली.

दुरुस्ती अशी. `3 + 4i` या संख्येची अनुबद्ध संख्या `3 − 4i`. फक्त `i` चं चिन्ह उलटं. दोघींचा गुणाकार 25 येतो, म्हणजे पुन्हा गवंड्याचा तीन-चार-पाच. कुठलीही संख्या तिच्या अनुबद्ध संख्येने गुणली की `i` निघून जातो आणि शून्य किंवा धन वास्तव संख्या उरते. तेव्हा लांबी काढताना घटकाचा वर्ग करायचा नाही. घटकाला त्याच्या अनुबद्ध संख्येने गुणायचं. `(1, i)` साठी 1 अधिक `i × (−i)`, म्हणजे 1 अधिक 1, म्हणजे 2. लांबी दोनाचं वर्गमूळ. भूमिती पुन्हा उभी राहिली. लंबकोनाच्या कसोटीतही तेच: एका सदिशाचे घटक अनुबद्ध करून घ्यायचे आणि मग दुसऱ्याच्या घटकांनी गुणायचे.

लांबीचा नियम बदलला की सममितीचा नियमही बदलावा लागतो. नुसतं पलटवून भागत नाही. पलटवायचं आणि प्रत्येक संख्या अनुबद्ध करायची. एवढं करूनही जो तक्ता तोच राहतो तो हर्मिशियन. कर्णावरची संख्या पलटवताना जागची हलत नाही, म्हणून ती स्वतःचीच अनुबद्ध असावी लागते, म्हणजे वास्तव. कर्णाच्या दोन बाजूंच्या संख्या एकमेकींच्या अनुबद्ध. एक तक्ता पूर्ण सोडवून पाहू:

```
2      1−i
1+i    3
```

दोन बाय दोनच्या तक्त्यात कर्णावरच्या संख्यांची बेरीज म्हणजे दोन आयगेन मूल्यांची बेरीज, आणि निश्चयक म्हणजे त्यांचा गुणाकार. बेरीज 2 + 3 = 5. निश्चयक 6 वजा `(1−i)(1+i)`, म्हणजे 6 − 2 = 4. ज्यांची बेरीज पाच आणि गुणाकार चार अशा संख्या 1 आणि 4. तक्त्यात `i` आहे, उत्तरात त्याचा मागमूस नाही. 4 ची आयगेन दिशा `(1, 1+i)`, आणि 1 ची `(−1+i, 1)`. दोघी लंब आहेत का? साधा गुणाकार करून बेरीज घेतली तर `2i` येतं, म्हणजे नाहीत असं वाटतं. पण दुसरीचे घटक आधी अनुबद्ध करा: `(−1−i)` गुणिले 1, अधिक 1 गुणिले `(1+i)`. बेरीज शून्य. लंब आहेत, फक्त मोजायची पट्टी बरोबर हवी.

मूल्यं वास्तव का येतात याचं कारणही याच तक्त्यावर दिसतं. कुठलाही सदिश घ्या, आयगेन असलाच पाहिजे असं नाही. आपला `(1, i)` घेऊ. तक्ता त्याचा `(3+i, 1+4i)` करतो. आता मूळ सदिश अनुबद्ध करून या उत्तराशी गुणू: `3 + i` अधिक `(−i)(1 + 4i)`. दुसरं पद `−i + 4`. बेरीज 7. `i` कापला गेला, आणि तो नेहमीच कापला जातो. हर्मिशियन तक्ता मध्ये ठेवून दोन्ही बाजूंनी एकच सदिश लावला की येणारी संख्या स्वतःचीच अनुबद्ध असते. आयगेन दिशेसाठी हीच संख्या म्हणजे आयगेन मूल्य गुणिले सदिशाच्या लांबीचा वर्ग. गुणाकार वास्तव, लांबीचा वर्ग वास्तव आणि शून्याहून मोठा. मग आयगेन मूल्याला वास्तव असण्यावाचून गत्यंतर नाही. लांबी शून्य येत असती तर हा भागाकार करताच आला नसता. मघाची दुरुस्ती कामी येते ती नेमकी इथे.

उलट दिशेने मात्र जाता येत नाही. मूल्यं वास्तव आली म्हणजे मॅट्रिक्स हर्मिशियन, असं नव्हे. पहिल्या ओळीत 1 आणि 5, दुसरीत 0 आणि 2 असा तक्ता घ्या. आयगेन मूल्यं 1 आणि 2, अगदी वास्तव. पण दिशा `(1, 0)` आणि `(5, 1)`, ज्या काटकोनात नाहीत. मूल्यं वास्तव आणि दिशा लंब, दोन्ही एकत्र असतील तरच तो हर्मिशियन.

हे सिद्ध करणारा शार्ल एर्मीत हा फ्रेंच गणिती. त्याच्या नावाच्या इंग्रजी उच्चारावरून आपण हर्मिशियन म्हणतो. 1855 मध्ये त्याने कोशीच्या प्रमेयावर एक टिपण लिहिलं आणि तेच प्रमेय संमिश्र संख्यांसाठी कसं मांडायचं ते दाखवलं. केलीचा मॅट्रिक्सवरचा प्रसिद्ध निबंध 1858 चा, म्हणजे तक्त्यांचं बीजगणित अजून नीट मांडलंही गेलं नव्हतं. उपयोग डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलेलं नव्हतं. 14 डिसेंबर 1900 रोजी प्लांकने बर्लिनमध्ये ऊर्जेच्या पुंजांचं आपलं सूत्र मांडलं, आणि बरोबर एक महिन्याने, 14 जानेवारी 1901 ला, एर्मीत वारला. 1925 मध्ये हायझेनबर्ग, बोर्न आणि योर्डान यांनी अणूचं नवं यांत्रिकीशास्त्र उभं केलं तेव्हा मोजता येणारी प्रत्येक राशी, ऊर्जा असो की संवेग, हर्मिशियन मॅट्रिक्स होऊन आली. त्यामागचं कारण आता सरळ दिसावं. प्रयोगशाळेतला काटा `i` दाखवत नाही. मोजणीतून येऊ शकणारी उत्तरं म्हणजे आयगेन मूल्यं, आणि ती वास्तवच असली पाहिजेत.

आजच्या विद्यार्थ्याला या अनुबद्धाचा हिसका संगणकावर बसतो. पायथनच्या नमपाय या संचात `A.T` लिहिलं की मॅट्रिक्स फक्त पलटते; अनुबद्ध करायचं तर `A.conj().T` असं लिहावं लागतं. वास्तव संख्यांवर दोन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून चूक लक्षात येत नाही आणि सवय पक्की होते. त्याहून फसवी गोष्ट पुढची. आपल्या मघाच्या तक्त्यात दोन्ही कोपऱ्यांत `1+i` भरून पाहा. आता तो सममित आहे, पण हर्मिशियन नाही.

```python
import numpy as np
B = np.array([[2, 1+1j], [1+1j, 3]])
print(np.linalg.eigh(B)[0])
print(np.linalg.eigvals(B))
print(np.allclose(B, B.conj().T))
```

`eigh` हे खास हर्मिशियन मॅट्रिक्ससाठी लिहिलेलं फंक्शन आहे. ते 1 आणि 4 अशी गोंडस उत्तरं देतं, तक्रार न करता. कारण दिलेला तक्ता खरोखर हर्मिशियन आहे का हे ते तपासतच नाही. कर्णाखालचा भाग वाचतं आणि वरचा भाग त्याचा अनुबद्ध असणार असं धरून चालतं. म्हणजे उत्तर आलं ते आपल्या आधीच्या तक्त्याचं, या तक्त्याचं नव्हे. `B` ची खरी मूल्यं `eigvals` सांगतं: साधारण `3.56 + 0.94i` आणि `1.44 − 0.94i`. शेवटची ओळ `False` छापते. त्या एका ओळीने घोटाळा पकडला जातो, आणि `eigh` वापरण्याआधी ती लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही.

सममितीचं जसं हर्मिशियन झालं, तसंच लंबकोनी मॅट्रिक्सचं युनिटरी झालं. लंबकोनी म्हणजे जी सदिशांना फिरवते किंवा आरशासारखी उलटवते, पण लांबी आणि कोन बिघडू देत नाही. तिचे स्तंभ एकेक लांबीचे आणि एकमेकांना लंब असतात, म्हणून ती नुसती पलटवली की तिची उलट क्रिया मिळते. संमिश्र संख्यांत लांबी अनुबद्धाने मोजायची, म्हणून इथेही पलटवायचं आणि अनुबद्ध करायचं. त्यातून उलट क्रिया मिळत असेल तर ती युनिटरी. आयगेन मूल्यांचा निकाल एका वाक्यात लागतो. लांबी बदलत नाही आणि आयगेन दिशेवर फक्त पट लागते, तेव्हा त्या पटीची स्वतःची लांबी एक असलीच पाहिजे. हर्मिशियनची मूल्यं संख्यारेषेवर बसतात, युनिटरीची एक त्रिज्येच्या वर्तुळावर.

नव्वद अंशांत फिरवणारी मॅट्रिक्स घ्या:

```
0  −1
1   0
```

कागदावर पाहिलं तर तिला आयगेन दिशा असूच शकत नाही, कारण प्रत्येक बाण वळतो. पण संमिश्र सदिश चालत असतील तर `(1, −i)` घाला. उत्तर `(i, 1)` येतं, म्हणजे मूळ सदिशाची `i` पट. आणि `(1, i)` ची `−i` पट होते. दोन्ही पटींची लांबी एक. तीस अंशांत फिरवलं तरी दिशा याच दोन. मूल्यं तेवढी साधारण `0.87 ± 0.5i` होतात. कितीही फिरवा, हे दोन सदिश आपल्या जागी.

ही केवळ कागदावरची गंमत नाही. थ्रीडी सिनेमाच्या अनेक चष्म्यांत हेच दोन सदिश आहेत. प्रकाशाच्या आडव्या आणि उभ्या कंपनासाठी एकेक संमिश्र संख्या लिहितात; तिची लांबी म्हणजे कंपनाचा जोर, आणि तिचा कोन म्हणजे ते कंपन किती पुढे-मागे चाललं आहे ते. `(1, 1)` म्हणजे दोन्ही कंपनं एकाच वेळी, आणि प्रकाश पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या रेषेत थरथरतो. `(1, i)` म्हणजे एक कंपन पाव आवर्तनाने सरकलेलं, आणि थरथर रेषेत न राहता वर्तुळात फिरते. `(1, −i)` मध्ये ती उलटी फिरते. पडद्यावर एका डोळ्याचं चित्र एका फेऱ्याच्या प्रकाशात टाकतात, दुसऱ्याचं दुसऱ्या. सरळ रेषेत कंप पावणारा प्रकाश वापरला असता तर मान पंचेचाळीस अंश कलवताच प्रत्येक डोळ्यात दोन्ही चित्रांचा अर्धा अर्धा प्रकाश शिरला असता. वर्तुळाकार प्रकाश मात्र फिरण्याच्या क्रियेचा आयगेन सदिश आहे. मान कलवली की त्याला एक लांबीची संमिश्र संख्या गुणली जाते, आणि तेवढ्याने उजेडात काहीच फरक पडत नाही.

चष्म्याच्या काचेत दोन थर असतात. बाहेरचा थर एका कंपनाला पाव आवर्तनाने सरकवतो. त्याची मॅट्रिक्स म्हणजे कर्णावर 1 आणि `i`, बाकी शून्य. ती युनिटरी आहे: `(1, −i)` चं `(1, 1)` करते, `(1, i)` चं `(1, −1)`, आणि प्रकाश वाया घालवत नाही. आतला थर पोलरॉइडचा. त्याच्या मॅट्रिक्समध्ये चारही ठिकाणी अर्धा. ती हर्मिशियन आहे, आयगेन मूल्यं 1 आणि 0. `(1, 1)` तसाच जातो, `(1, −1)` पूर्ण अडतो. दुसऱ्या डोळ्याच्या काचेत पोलरॉइड काटकोनात फिरवून बसवलेला असतो. एक थर नुसता वळवणारा, दुसरा निवड करणारा.

दोन्ही थरांचा गुणाकार केला तर मात्र जी मॅट्रिक्स मिळते ती ना हर्मिशियन ना युनिटरी. तिचं एक आयगेन मूल्य शून्य आणि दुसरं `(1+i)/2`, जे संख्यारेषेवर नाही आणि एक त्रिज्येच्या वर्तुळावरही नाही. युनिटरी गुणिले युनिटरी नेहमी युनिटरीच येतं. हर्मिशियनचं तसं नाही. दोन हर्मिशियन मॅट्रिक्स कुठल्याही क्रमाने गुणल्या तरी उत्तर एकच येत असेल, तरच तो गुणाकार हर्मिशियन. आणि हा सगळा हिशेब आदर्श काचेचा आहे. पाव आवर्तनाचा थर एकाच रंगाला नेमका पाव बसतो, बाकी रंगांना थोडा कमी-जास्त; म्हणून गडद दृश्यात एका डोळ्याच्या चित्राची फिकट सावली दुसऱ्या डोळ्याला दिसते.

घरात असा चष्मा पडून असेल तर तो घालून आरशासमोर उभे राहा आणि एक डोळा मिटा. आरसा प्रकाशाचा फेरा उलटा करतो, `i` चा `−i` करावा तसा. चष्मा वर्तुळाकार प्रकाशाचा असेल तर उघड्या डोळ्यासमोरची काच आरशात काळी दिसेल आणि मिटलेला डोळा स्वच्छ दिसेल. जुना, सरळ रेषेच्या पोलरॉइडचा चष्मा असेल तर याच्या बरोबर उलट.